शिकणाऱ्या जाहिरातीला हात लावू नका

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पैसे देऊन जाहिरात चालवणाऱ्यांच्या परिचयाची एक जागा म्हणजे मेटा कंपनीचं अ‍ॅड्स मॅनेजर. तिथल्या तक्त्यात 'Delivery' नावाचा रकाना असतो. नवी जाहिरात सुरू केली की काही दिवस त्या रकान्यात 'Learning' असं दिसतं, आणि पुरेशी माहिती जमली की त्याजागी 'Active' येतं. बहुतेक छोटे व्यावसायिक या शब्दाकडे दुर्लक्ष करतात. त्यांची नजर असते ती शेजारच्या रकान्यातल्या 'एका ऑर्डरमागे किती खर्च झाला' या आकड्यावर. तो आकडा रोज वर-खाली होतो, म्हणून हेही रोज जाहिरातीत काहीतरी बदलतात. त्या बदलांपायी जाहिरात आठवडेच्या आठवडे शिकतच राहते आणि पैसा मात्र जात राहतो.

हे शिकणं म्हणजे नेमकं काय? तुम्ही फोन उघडून रील पाहू लागता, तेव्हा तुमच्यासमोरच्या जाहिरातीच्या एका जागेसाठी क्षणार्धात लिलाव होतो. सगळ्यात जास्त पैसे मोजणारा तो जिंकतोच असं नाही. जाहिरातदाराने लावलेली बोली, ही जाहिरात पाहून हा माणूस हवी ती कृती करेल याचा अंदाज आणि जाहिरातीचा दर्जा, अशा तीन गोष्टींचा मिळून हिशेब होतो. मधली गोष्ट सगळ्यात नाजूक. जाहिरात नवी असते तेव्हा हा अंदाज ढोबळ असतो, कारण ही जाहिरात, हा माल आणि ही माणसं यांची गाठ आधी पडलेली नसते. म्हणून यंत्रणा सुरुवातीला चाचपडते. सकाळी दाखवून पाहते, रात्री दाखवून पाहते. कधी रीलमध्ये, कधी स्टोरीत, कधी फीडमध्ये. कधी तिशीतल्या बायकांना, कधी पन्नाशीतल्या पुरुषांना. प्रत्येक ऑर्डर आली की अंदाज थोडा सुधारतो, आणि जिथे ऑर्डर येत नाही तिथला हात आखडता होतो.

मेटाच्या सांगण्यानुसार, जाहिरातसंचात शेवटचा मोठा बदल झाल्यानंतर आठवडाभरात साधारण 50 वेळा हवी ती कृती घडली, तर हा टप्पा संपतो. जाहिरातसंच म्हणजे ज्याला व्यवसायात सगळे अ‍ॅड सेट म्हणतात तो मधला थर. प्रेक्षक, वेळापत्रक आणि बहुधा बजेटही त्यात ठरतं, आणि प्रत्यक्ष फोटो किंवा व्हिडिओ त्याच्या पोटात असतात. वरच्या वाक्यातले 'शेवटचा मोठा बदल झाल्यानंतर' हे शब्द कळीचे आहेत. मोजणी जाहिरात सुरू झाल्यापासून होत नाही, शेवटच्या मोठ्या बदलापासून होते. बदल केला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

हा फरक आकड्यांत पाहू. उदाहरण रचलेलं आहे आणि हिशेब सोपा राहावा असेच आकडे घेतले आहेत. कोल्हापुरातल्या एक काकू घरगुती कांदा-लसूण मसाला करतात. अर्ध्या किलोच्या दोन पाकिटांचा संच वेबसाइटवर 599 रुपयांना विकतात. मिरची, बाकीचा माल, पॅकिंग, कुरिअर हे सगळं वजा जाता एका ऑर्डरमागे 240 रुपये हातात उरतात. जाहिरातीचा खर्च त्यातूनच निघायला हवा. जाहिरात पुतण्या सांभाळतो. रोजचं बजेट 1000 रुपये, मोजायची कृती खरेदी.

सोमवारी जाहिरात सुरू झाली. रात्रीपर्यंत ऑर्डरी आल्या चार, म्हणजे एका ऑर्डरला 250 रुपये पडले. 240 च्या पुढे दहा रुपये. काकू म्हणणारच, "अरे, घरातले पैसे घालून मसाला विकायचाय होय आपल्याला? तो फोटो बदल आधी." पुतण्याने रात्री फोटो बदलला. मंगळवारी नऊ ऑर्डरी आल्या, खर्च एकदम 111 रुपयांवर. दोघंही खूश. बुधवारी पाचच आल्या, तेव्हा रात्री त्याने प्रेक्षकांचं वय बदललं. गुरुवारी अकरा. शुक्रवारी सहा, म्हणून पुन्हा रात्री जाहिरातीतला मजकूर बदलला. शनिवारी आठ, रविवारी सात.

आता तीन दुरुस्त्यांचा हिशेब पाहा. चाराच्या नऊ झाल्या, पाचाच्या अकरा, सहाच्या आठ. तिन्ही वेळा बदल केल्यावर ऑर्डरी वाढल्या. पुतण्याला आपला हात चांगलाच बसला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण हेच सात आकडे एकही बदल न करता आले असते तर? सरासरी रोज सात ऑर्डरी येणाऱ्या दुकानात नुसत्या योगायोगाने इतका चढउतार होतोच. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने अशा दुकानात पाच दिवसांपैकी साधारण चार दिवस ऑर्डरी चार ते दहाच्या दरम्यान राहतात, आणि सहा-एक दिवसांतून एकदा चार किंवा त्याहून कमी ऑर्डरींचा दिवस उगवतोच. त्या दिवशी जाहिरातीचं काहीच बिघडलेलं नसतं.

वाईट दिवसानंतर बहुधा साधारण दिवस येतो. आपण बदल करतो तो नेमका वाईट दिवशी, आणि दुसऱ्या दिवशीच्या सुधारणेचं श्रेय त्या बदलाला देतो. चांगल्या दिवसानंतरही उतार आलाच होता. नवाच्या पाच झाल्या, अकराच्या सहा झाल्या. पण चांगल्या दिवशी रात्री कुणी काही बदललेलं नसतं, त्यामुळे त्या उताराशी कशाचा संबंध जोडला जात नाही. उलट तो उतार पुढच्या बदलाचं कारण ठरतो. नव्या जाहिरातदारांचे पैसे जिथे सगळ्यात जास्त गळतात ती जागा हीच, असं माझं ठाम मत आहे. दर वेळी बदल करून फायदा झाल्याचा अनुभव येत असेल, तर हात आवरायचा तरी कशाला, असंच कुणालाही वाटेल.

यंत्रणेच्या बाजूने तो आठवडा कसा गेला? सोमवारच्या चार ऑर्डरींनंतर मोजणी शून्यावर आली. मंगळवार-बुधवारच्या मिळून चौदा जमल्या, पुन्हा शून्य. गुरुवार-शुक्रवारच्या सतरा, पुन्हा शून्य. रविवारी रात्री खात्यावर उरल्या शनिवार-रविवारच्या पंधरा. सात दिवसांत सात हजार रुपये गेले आणि पन्नास ऑर्डरीही आल्या. हात न लावता ठेवली असती, तर रविवारी रात्री ती जाहिरात शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडली असती. आता मात्र रकान्यात 'Learning' तसंच आहे. शिवाय आठवड्याची सरासरी ऑर्डरमागे 140 रुपये आली, म्हणजे प्रत्येक ऑर्डरवर 100 रुपये सुटत होते. सोमवारी घाबरण्यासारखं काहीही नव्हतं.

मी इथे पुतण्याला झुकतं माप दिलं आहे. बदल करूनही ऑर्डरी तेवढ्याच आल्या असं धरलं. प्रत्यक्षात शिकण्याच्या काळात खर्च अस्थिर असतो आणि बहुधा जास्तच असतो, हे मेटा स्वतःच सांगते. म्हणजे दर बदलाबरोबर महागड्या चाचपडण्याचा काळ नव्याने सुरू होतो. सगळंच पुसलं जातं असं मात्र नाही. वेबसाइटवर आजवर कुणी खरेदी केली ही माहिती खात्याकडे राहतेच. पण नव्या फोटोवर कोण थांबेल, नव्या वयोगटातलं कोण विकत घेईल, याचा अंदाज जुन्या फोटोवरून आणि जुन्या वयोगटावरून काढता येत नाही. तो नव्याने बांधावा लागतो.

सोमवारच्या त्या चाराबद्दल आणखी एक गोष्ट. तो आकडा पुरा नव्हताच. सोमवारी जाहिरातीवर टिचकी मारलेली बाई घरी विचारून, पगार झाल्यावर, गुरुवारी ऑर्डर देते. मेटाच्या नेहमीच्या मांडणीत टिचकी मारल्यापासून सात दिवसांत झालेली खरेदी त्या जाहिरातीच्या नावावर लागते. म्हणजे सोमवारच्या खर्चाचं सगळं फळ सोमवारी रात्री दिसत नाही, त्यातल्या काही ऑर्डरी पुढच्या दिवसांत येतात. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूत हा फरक किरकोळ असतो. पैठणी, फर्निचर, क्लासची फी अशा विचार करून घ्यायच्या गोष्टींत तो चांगलाच मोठा असतो. आजचा आकडा आज पाहून निकाल देणं म्हणजे पेपर अर्धे तपासून गुणपत्रिका लिहिण्यासारखं आहे.

आता कोणत्या बदलाने घड्याळ मागे जातं, तेही पाहू. प्रेक्षक बदलणं, फोटो-व्हिडिओ-मजकूर बदलणं, मोजायची कृती बदलणं, बोलीची पद्धत बदलणं हे सगळे मोठे बदल. अ‍ॅड सेटमध्ये नवी जाहिरात टाकणं हाही मोठा बदलच, आणि हे अनेकांना ठाऊक नसतं. "जुनीला हात लावला नाही, फक्त एक नवी टाकली" असं सांगणारे लोक भेटतात. त्या एका नव्या जाहिरातीने अख्ख्या अ‍ॅड सेटचं शिकणं पुन्हा सुरू झालेलं असतं. सात दिवस किंवा त्याहून जास्त बंद ठेवून पुन्हा चालू केली तरीही तेच. बजेटचं मात्र किती बदललं यावर ठरतं. मेटाच्याच उदाहरणात 100 डॉलरचे 101 केले तर फरक पडण्याची शक्यता कमी, पण 100 चे 1000 केले तर शिकणं पुन्हा सुरू होऊ शकतं. मधली रेषा नेमकी कुठे, ते कंपनीने आकड्यात बांधून दिलेलं नाही. व्यवसायातले लोक एका वेळी साधारण 20 टक्क्यांपर्यंतच वाढवा असा ठोकताळा वापरतात. तो ठोकताळाच आहे, नियम नव्हे. अ‍ॅड्स मॅनेजरच्या तक्त्यात 'Last significant edit' नावाचा रकाना जोडून घेता येतो. शेवटचा मोठा बदल कधी झाला हे तो सांगतो. दोघं-तिघं मिळून खातं हाताळत असतील तर तो रकाना लावून घ्याच, कारण घड्याळ कुणी मागे नेलं यावरून होणारे वाद त्याने मिटतात.

गुगलच्या जाहिरातींचं गणितही याच वळणाचं आहे. तिथली स्वयंचलित बोली स्थिरावायला साधारण 50 रूपांतरणं किंवा रूपांतरणाची तीन आवर्तनं लागू शकतात, असं गुगल सांगतं. आवर्तन म्हणजे टिचकीपासून खरेदीपर्यंत जाणारा काळ. ग्राहक चार दिवस विचार करून घेत असेल, तर तीन आवर्तनांचे बारा दिवस झाले.

धीर धरा, एवढाच सल्ला दिला तर तो अर्धवट ठरेल. आठवड्याला 50 ऑर्डरी येण्याची शक्यताच नसेल, तर कितीही धीर धरला तरी रकान्यात 'Learning limited' असं येतं. याचा अर्थ, आहे या पैशात आणि या रचनेत पुरेशी माहिती जमणार नाही. म्हणून हिशेब जाहिरात सुरू करण्याआधीच करायचा. ऑर्डरमागे 140 रुपये गुणिले 50 म्हणजे आठवड्याला 7000, रोजचे 1000. काकूंकडे रोजचे 300 रुपयेच असतील तर आठवड्याला 2100 रुपयांत पंधराच ऑर्डरी येतील. अशा वेळी खरेदीऐवजी एक पायरी आधीची कृती मोजायला सांगता येते. उदाहरणार्थ, वस्तू खरेदीच्या टोपलीत टाकणं, पडद्यावरच्या भाषेत 'Add to cart'. टोपलीत टाकणारे विकत घेणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असतात, म्हणून संख्या भरते. पण यंत्रणा मग टोपली भरणारी माणसं शोधते, पैसे देणारी नव्हे, आणि हा तोटा खराखुरा आहे. माझा कल दुसऱ्या उपायाकडे असतो. असलेले पैसे एकाच ठिकाणी ठेवायचे. कोल्हापूरसाठी एक अ‍ॅड सेट, पुण्यासाठी एक, मुंबईसाठी एक, बाहेरच्या राज्यातल्या मराठी माणसांसाठी एक, अशी 1000 रुपयांची चार वाटण्या करणारे खूप दिसतात. प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्याला बारा-तेरा ऑर्डरी येतात आणि चारही अर्धशिक्षित राहतात. एकच अ‍ॅड सेट करून महाराष्ट्र आणि बाकीची गावं त्यातच घातली, आणि दोन-तीन फोटो पहिल्याच दिवशी टाकून ठेवले, तर ते पन्नास एकाच वहीत जमा होतात.

हात लावायचाच नाही असंही नाही. चूक असेल तर त्याच क्षणी दुरुस्त करायला हवी. किंमत चुकली, दुवा बंद पानावर जातोय, संपलेल्या मालाची जाहिरात चाललीये, अशा वेळी शिकण्याच्या टप्प्याची पर्वा करण्यात अर्थ नाही. प्रश्न असतो तो कमी विक्री हा योगायोग आहे की बिघाड, हे ओळखण्याचा. इथे संख्या मदतीला येते. रोज सात अपेक्षित असताना चार येणं रोजचंच, पण शून्य येणं हजार दिवसांत साधारण एकदाच घडेल. तेव्हा काकूंच्या जाहिरातीवर 1000 रुपये खर्च होऊन एकही ऑर्डर आली नाही, तर तो वाईट दिवस नव्हे, कुठेतरी काहीतरी तुटलं आहे. उलट ज्याला रोज दोनच अपेक्षित आहेत, त्याला सात-आठ दिवसांत एक दिवस शून्य दिसणारच. त्याने त्या दिवशी काहीही करू नये.

काय तुटलं ते पाहायला तक्त्यातल्या पायऱ्या क्रमाने वाचायच्या. टिचक्या भरपूर आहेत पण पान उघडल्याची संख्या त्याच्या निम्मीही नाही, तर वेबसाइट मंद आहे. पान उघडतंय, टोपल्या भरतायत, पण पैसे भरण्याच्या पानावरून लोक परत जातायत, तर कुरिअरचे 80 रुपये तिथे अचानक दिसत असतील किंवा घरपोच रोखीचा पर्याय नसेल. टिचक्याच नाहीत, तर फोटोकडे बघावं लागेल. यातला आनंदाचा भाग असा की पहिल्या दोन बिघाडांची दुरुस्ती वेबसाइटवर होते, जाहिरातीत नाही. पान हलकं केलं, कुरिअरचा खर्च किमतीत धरला, रोखीचा पर्याय दिला, तर अ‍ॅड सेटमध्ये काहीच बदललेलं नसतं आणि शिकण्याचं घड्याळ चालूच राहतं. हात शिवशिवत असतील तर ते तिकडे वळवावेत. फायदाही बहुधा तिकडेच जास्त असतो.

आणि नुकसानीची मर्यादा? ती आधी ठरवून, कागदावर लिहून ठेवायची. काकूंना चार दिवसांच्या 4000 रुपयांत तोट्याच्या काठावर राहायलाही सतरा ऑर्डरी लागतात. चार दिवसांनंतर दहासुद्धा झाल्या नसतील, तर तो योगायोग असण्याची शक्यता फार थोडी. तेव्हा थांबावं आणि फोटो, किंमत, माल यांचा नव्याने विचार करावा. बारा-तेरा झाल्या असतील तर आठवडा पुरा होऊ द्यावा. हा आकडा सुरू करण्याआधी लिहिला की सोमवारच्या रात्री चार ऑर्डरी पाहून काय करायचं हा प्रश्नच उरत नाही.

पन्नास या आकड्याला फार पवित्र मानण्याचंही कारण नाही. पन्नास ऑर्डरींचा आठवडासुद्धा नुसत्या योगायोगाने कधी त्रेचाळीसचा, कधी सत्तावन्नचा होऊ शकतो. म्हणून एका फोटोवर पन्नास आणि दुसऱ्यावर पंचावन्न आल्या तर दुसरा चांगला असं म्हणता येत नाही. तो फरक कळायला कित्येक आठवडे जातील. नवा फोटो चालू अ‍ॅड सेटमध्ये टाकून बघण्यापेक्षा मेटाची वेगळी चाचणी-सोय वापरावी, तिला अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये 'A/B test' म्हणतात. तिच्यात प्रेक्षक दोन गटांत विभागले जातात आणि एकाला दोन्ही जाहिराती दिसत नाहीत.

हंगामी मालाला हे सगळं अधिक घट्ट लागू पडतं. दिवाळीचा फराळ किंवा हापूस विकणाऱ्यांकडे काही आठवडेच असतात. तीन आठवड्यांच्या फराळाच्या हंगामात ऐन मध्यावर फोटो बदलला, तर राहिलेल्या दिवसांतला मोठा भाग पुन्हा चाचपडण्यात जातो, आणि त्याच दिवसांत सगळेच जाहिरातदार बोली वाढवत असल्याने ते चाचपडणं सगळ्यात महाग पडतं. म्हणून चकली-चिवड्याच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी जाहिरात नवरात्रातच, थोड्या बजेटवर का होईना, पण पन्नासचा हिशेब बसेल अशा एकाच अ‍ॅड सेटमध्ये सुरू करावी. फोटो, किंमत, पोचवण्याची शेवटची तारीख हे सगळं त्याआधी पक्कं करावं. मग दसऱ्यानंतर बजेट 1000 चं 1200, तीन-चार दिवसांनी 1400 असं चढवत न्यावं आणि शेवटच्या आठवड्यात फक्त एकच गोष्ट पाहावी: कुरिअरने घेतलेली पार्सलं वेळेत पोचतायत की नाही.